सोसायटीच्या गणपतीत ऐकलेली ही आरती कोणती? चाल 'सुखकर्ता'ची, शब्द भलतेच

कोलशेतकर | सोमवार, रात्री ११:५२

आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडच्या आत. चार विंग, गणपती पाच दिवसांचा, मांडव स्टिल्ट पार्किंगमध्ये. रोज एका विंगकडे आरतीचा मान असतो. आरत्यांचा छापील कागद वाटायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय, म्हणून हा धागा.

आज सी विंगचा दिवस होता. त्यांच्यातलं एक मोठं कुटुंब पुढे उभं राहिलं. आजी, दोन मुलगे, सुना, नातवंडं, घरचा मृदंग आणि चार जोड झांजा. पहिली 'सुखकर्ता' झाली. मग त्यांनी लगेच दुसरी उचलली, चाल तंतोतंत तीच. लोकांना वाटलं पुन्हा 'सुखकर्ता'च चाललीय, म्हणून सगळे त्यात घुसले. 'जय देव जय देव जय मंगलमूर्ती' इथपर्यंत छान जमलं आणि पुढच्याच ओळीला अपघात झाला. आम्ही शंभर माणसं 'दर्शनमात्रे', ते दहा जण दुसरंच काहीतरी. ते दहा जण झांजांसकट असल्यामुळे जिंकले.

आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेटलंय. ए विंगच्या एका काकांचं म्हणणं, 'आरतीचे शब्द बदलणं बरोबर नाही.' सी विंगवाले म्हणतात, 'आमच्याकडे चार पिढ्या हेच म्हणतात.' त्यांना नाव विचारलं तर म्हणाले, 'गणपतीची आरती.' घ्या!

माझ्या फोनमध्ये चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे, त्यातली तीस सेकंदं झांज आहे. मला जे ऐकू आलं ते असं:

'नाना परी मला दूर्वा...'
'लाडू मोदक...'
'...मंगलमूर्ती, तुझे गुण...'
'वाजे वारं शिबिका'

ही 'सुखकर्ता'चीच जुनी, लांब प्रत आहे का? की वेगळी आरती? वेगळी असेल तर कागदावर छापू.

आजोळची_सई | सोमवार, रात्री ११:५८

'नाना परी मला दूर्वा' 😂 बाप्पाच बोलतोय जणू, मला नाना प्रकारच्या दूर्वा द्या!

टेंभीनाका | मंगळवार, सकाळी ७:१०

'सुखकर्ता'ला मुळात सात कडवी आहेत, आपण तीन म्हणतो. ही उरलेल्यांतली असणार. आमचे आजोबा सांगायचे.

बी_विंग_७०३ | मंगळवार, सकाळी ८:३३

आमच्याकडेही आवाजाचा हाच प्रॉब्लेम आहे. रात्री दहानंतर झांजा बंद व्हायला हव्यात. लहान मुलं झोपलेली असतात. कमिटीला तीन वेळा लिहून झालं.

कोलशेतकर | मंगळवार, सकाळी ८:४१

७०३, तुमचं दुःख समजतं, पण माझा प्रश्न आवाजाचा नाही, शब्दांचा आहे.

खारघरकर | मंगळवार, सकाळी ९:०५

अहो सोपं आहे. दूर्वा आणि लाडू-मोदक म्हणजे ही 'शेंदूर लाल चढायो'. ती पण गणपतीची, ती पण त्याच चालीत ओढून म्हणतात काही जण. गोसावीनंदनाची आहे. मला पक्कं आठवतंय, कारण आमच्या पुस्तकात दोन्ही समोरासमोरच्या पानांवर आहेत.

पालघरची_लेक | मंगळवार, सकाळी ९:२०

खारघरकर, 'शेंदूर लाल' हिंदी वळणाची आहे ना? 'अच्छा गजमुखको', 'धन्य तुम्हारो दर्शन' वगैरे. धागाकर्त्याने ऐकलेलं 'तुझे गुण' हे तर शुद्ध मराठी आहे.

आणि 'दोन्ही समोरासमोरच्या पानांवर' म्हणजे कुठल्या दोन्ही? दुसरी कुठली ते सांगा ना.

खारघरकर | मंगळवार, सकाळी ९:२६

पुस्तक गावाला आहे. 😐

झांजेवाला | मंगळवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत वाचतोय, मोबाईलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

कोलशेतकर, ही 'नाना परिमळ दूर्वा शेंदुर शमिपत्रे'. स्वतंत्र आरती आहे, 'सुखकर्ता'चं कडवं नव्हे. टेंभीनाका, सात कडव्यांचं तुमच्या आजोबांनी कुठे वाचलं ते माहीत नाही, पण 'सुखकर्ता' तिसऱ्या कडव्यात 'दास रामाचा वाट पाहे सदना' म्हणून संपते. कवीचं नाव आलं की आरती आटोपली. त्यापुढे कडवी लावायला जागाच उरत नाही.

तुमचे ऐकीव तुकडे आता नीट लावून देतो.

'नाना परी मला' म्हणजे नाना परिमळ. परिमळ म्हणजे सुवास. नाना सुगंधी द्रव्यं, दूर्वा, शेंदूर, शमीची पानं, म्हणजे पूजेच्या साहित्याची यादी आहे. पुढची ओळ 'लाडू मोदक अन्ने परिपूरित पात्रे', म्हणजे नैवेद्याची ताटं.

'वाजे वारं शिबिका' म्हणजे 'वाजी वारण शिबिका सेवक सुत युवती'. वाजी घोडा, वारण हत्ती, शिबिका पालखी. जो ध्यान करतो त्याला हे सगळं मिळतं आणि शेवटी तो भवसागरही तरतो, असं ते कडवं सांगतं. वारं कुठेही वाजत नाही.

आता तुमच्या अपघाताबद्दल. दोन्ही आरत्यांच्या धृपदाचा पहिला अर्धा भाग अक्षरशः एक आहे: 'जय देव जय देव जय मंगलमूर्ती'. दुसरा अर्धा वेगळा. 'सुखकर्ता'त 'दर्शनमात्रे मनकामना पुरती', आणि इथे 'तुझे गुण वर्णाया मज कैसी स्फूर्ती'. त्यामुळे जिला ही आरती माहीत नाही ती गर्दी 'मंगलमूर्ती'पर्यंत सोबत येते आणि मग सवयीने 'दर्शनमात्रे'त शिरते. आमच्या नेरूळच्या मंडळात दर वर्षी हेच होतं. ढोलकीवाला आता त्या जागी हसतो.

खारघरकर अर्धे बरोबर आहेत. ही पण गोसावीनंदनाचीच. शेवटची ओळ 'गोसावीनंदन रत नामस्मरणी'. म्हणून पुस्तकात ती 'शेंदूर लाल'च्या शेजारी छापलेली असेल तर नवल नाही.

खारघरकर | मंगळवार, दुपारी १:२२

बघा!

पालघरची_लेक | मंगळवार, दुपारी १:३०

अर्धे. 🙂

कोलशेतकर | मंगळवार, दुपारी १:४४

झांजेवाला, दंडवत. आता रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि 'परिमळ' स्वच्छ ऐकू येतंय. कालपर्यंत कसं आलं नाही देव जाणे.

एक शंका. मी काल गूगलवर चाल गुणगुणून शोध घेतला, दर वेळी 'सुखकर्ता'च दाखवली. चाल इतकी सारखी कशी?

मात्रागणक | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

चालीवरून शोधलंत तर 'सुखकर्ता'च सापडणार, कारण चाल एका आरतीची नाहीच. तो साचा आहे. चार ओळी, मग 'जय देव जय देव', पुन्हा चार ओळी. त्या साच्यात बसणारं काहीही त्या चालीत म्हणता येतं, आणि आपण म्हणतोच.

मोजून बघा. ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन, आणि पुढे जोडाक्षराचा आघात आला तर आधीच्या अक्षरालाही दोन. 'लवथवती विक्राळा ब्रह्मांडी माळा', मात्रा २२. 'दुर्गे दुर्घट भारी तुजविण संसारी', पुन्हा २२. 'सुखकर्ता दुखहर्ता वार्ता विघ्नाची' हीसुद्धा २२, विसर्ग गिळून 'दुख' म्हणतो तसं म्हटलं तर. शंकर, देवी, गणपती, तिघेही एकाच मापाच्या कपड्यात.

पण 'सुखकर्ता'ची दुसरीच ओळ बघा: 'नुरवी पुरवी प्रेम कृपा जयाची'. ही १९ भरते. तीन मात्रा कमी पडतात, म्हणून आपण 'जयाऽऽची' असं ओढतो. 'सर्वांगी सुंदर उटी शेंदुराची' २० आहे, तिथेही ओढतोच.

आता 'नाना परिमळ'चं पहिलं कडवं घ्या. चारही ओळी २२, म्हणजे 'शेंदुर' आणि 'नवनिधि' असं ऱ्हस्व म्हटलं की. कुठे ओढायला जागाच नाही. म्हणून ती ऐकताना सरसर, भरलेली वाटते. धागाकर्त्याकडे रेकॉर्डिंग आहे, त्यांनी दुसरी ओळ ऐकावी. 'परिपूरित पात्रे' सरळ टाळीवर जातं का? जात असेल तर शब्द ऐकू आले नाहीत तरी ती 'सुखकर्ता' नाही एवढं नक्की.

आजोळची_सई | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

मी ऑफिसातून येताना ट्रेनमध्ये बोटांवर मात्रा मोजत होते. समोरच्या काकू मला जप करते समजल्या आणि जागा दिली. ठाणे ते डोंबिवली बसून.

टेंभीनाका | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

सात कडव्यांचं मागे घेतो. पण ओळखायचा सोपा नियम मी सांगतो, मात्रा-बित्रा नको. शेवटच्या कडव्यात 'राम' आला की रामदासांची, 'नामा' आला की नामदेवांची, 'जनार्दनी' आलं की एकनाथांची. खल्लास.

झांजेवाला | मंगळवार, रात्री ८:१२

टेंभीनाका, शेवटचं कडवं बघायचं हे शंभर टक्के खरं. पण 'राम' आला की रामदास हे धरलंत तर फसाल. 'आरती ज्ञानराजा' आणि 'आरती तुकारामा' घ्या. आमच्याकडे हरिपाठ झाला की दोन्ही पाठोपाठ होतात, चाल एकच. पहिलीच्या शेवटी 'रामा जनार्दनी, पायी मस्तक ठेविले'. दुसरीच्या शेवटी 'म्हणोनि रामेश्वरे चरणी मस्तक ठेविले'. दोन्हींत राम आहे, दोन्हींत मस्तक ठेवलंय, आणि दोघांपैकी एकही रामदास नाही. पहिला रामाजनार्दन, दुसरे रामेश्वर भट्ट. अर्धी माणसं एकीचा शेवट दुसरीला लावून मोकळी होतात आणि कुणाला कळतही नाही.

पहिल्याच आरतीत तुमचा 'जनार्दनी'चा नियमही पडला, बघा. 'एका जनार्दनी' असेल तर एकनाथ, नुसतं 'जनार्दनी' पुरत नाही. 'त्रिगुणात्मक त्रैमूर्ती'च्या शेवटी 'एका जनार्दनी' येतं ते नाथांचं.

टेंभीनाका | मंगळवार, रात्री ८:२०

आजोबांना सोडलं, आता मलाही सोडा. 🙏

घणसोलीची_वहिनी | मंगळवार, रात्री ९:०२

माझी केस थोडी वेगळी. आमच्या सोसायटीत उत्तरेकडची बरीच कुटुंबं आहेत. नवरात्रात ती 'जय अंबे गौरी' म्हणतात, दिवाळीत 'जय लक्ष्मी माता', आणि एरवी 'जय जगदीश हरे'. मला तिन्ही एकच वाटायच्या. मी दोन वर्षं तिन्हींना 'स्वामी जय जगदीश हरे' म्हणत टाळ्या वाजवल्या. शेजारच्या भाभी काही बोलल्या नाहीत, पण गेल्या दिवाळीला त्यांनी हळूच माझ्यासमोर कागद धरला.

मात्रागणक | मंगळवार, रात्री ९:१५

वहिनी, ही तुमची केस वेगळी नाही, हीच आहे. तोही साचाच. फक्त त्यांच्याकडे देवाचं नाव पहिल्याच ओळीत येतं, म्हणून कान उघडे ठेवले तर लगेच कळतं. आपल्या धाग्यातल्या दोन आरत्यांत देवही एकच आणि धृपदाची पहिली ओळही एकच, म्हणून गोंधळ जास्त.

गुपचूप_वाचक | मंगळवार, रात्री ९:३३

पहिलाच प्रतिसाद. लहानपणी 'रखुमाई वल्लभा, राईच्या वल्लभा'तली राई मला फोडणीची वाटायची. आई मोहरीला राई म्हणायची. विठोबाला फोडणी आवडत असेल असं धरून चाललो होतो. पुढे त्याच आरतीत 'राई रखुमाबाई राणी या सकळा' आलं तेव्हा कळलं की ही राणी आहे.

आजोळची_सई | मंगळवार, रात्री ९:४१

स्वागत! आमच्याकडे आत्या आजही 'दास रामाचा वाट पाहे सजणा' म्हणते. तिला सदना सांगितलं तर म्हणते, 'चाळीस वर्षं सजणाच पावलाय, आता कशाला बदलू.'

पालघरची_लेक | मंगळवार, रात्री ९:५०

आणि 'संकष्टी पावावे'! मूळ 'संकटी पावावे, निर्वाणी रक्षावे' आहे. लोकांनी बाप्पाची ड्यूटी महिन्यातून एका दिवसावर आणून ठेवली.

बी_विंग_७०३ | मंगळवार, रात्री १०:०४

रात्रीचे दहा वाजून गेलेत आणि आमच्या खाली अजून झांजा चालू आहेत. आत्ता या क्षणी. कुठली आरती आहे ते मी सांगू शकत नाही.

झांजेवाला | मंगळवार, रात्री १०:०६

दुसरी ओळ ओढतायत का ते ऐका. 😄

बी_विंग_७०३ | मंगळवार, रात्री १०:११

ओढतायत.

मात्रागणक | मंगळवार, रात्री १०:१२

मग 'सुखकर्ता'. अजून बऱ्याच बाकी आहेत, कापूस घाला.

कोलशेतकर | बुधवार, रात्री ११:२०

आजचा अहवाल.

आधी रेकॉर्डिंग. दुसरी ओळ ऐकली, 'पात्रे' खरंच सरळ टाळीवर आहे, ओढ नाही. पण एक गंमत निघाली. धृपदानंतर सी विंगवाले 'तुझे ध्यान निरंतर' सुरू करतात आणि त्याच क्षणी मागून गर्दी 'रत्नखचित फरा' सुरू करते. दोन्ही कडवी एकावर एक पूर्ण वाजतात आणि कुणीच अडखळत नाही. माप सारखं असल्यामुळे दोघेही एकदमच 'जय देव'वर येतात. म्हणून तेव्हा मला तो गोंधळ एकच लांब आरती वाटला. 'वाजी वारण शिबिका' आणि 'हिरेजडित मुकुट' एकाच ओळीत ऐकू आल्यावर माणूस काय समजणार?

मग संध्याकाळी सी विंगमध्ये त्यांच्या घरी गेलो. आजींनी चहा, करंज्या आणि एक वही पुढे केली. पुठ्ठ्याला खाकी कव्हर, आत शाईच्या पेनाने लिहिलेल्या आरत्या, मोदकाच्या तुपाचे डाग. त्यांचं गाव अलिबागच्या पुढे. वही आजींच्या सासऱ्यांनी लिहिलेली. 'नाना परिमळ' दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि वर शीर्षक फक्त 'गणपती २'. म्हणून त्यांना नाव विचारलं तर सांगता आलं नाही. त्यांच्या घरी तिला नावच नाही, ती दुसरी आरती आहे.

शब्द सगळे झांजेवाल्यांनी दिलेत तसेच. फरक एकाच जागी. वहीत शेवटची ओळ 'गोसावीनंदन तन्मय नामस्मरणी' अशी आहे. तुम्ही 'रत' लिहिलंत. मी छापू काय?

झांजेवाला | बुधवार, रात्री ११:३१

माझ्याकडच्या छापील संग्रहात 'रत' आहे. 'रत नामस्मरणी', नामस्मरणात रमलेला. अर्थ दोन्हींचा एकच होतो. मी 'रत'च छापलं असतं.

मात्रागणक | गुरुवार, सकाळी ६:४८

थांबा. ही जागा मजेशीर आहे.

मी काल रात्री पूर्ण आरती मोजली. तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या तीन ओळी बघा. 'शरणागत सर्वस्वे भजती तव चरणी' २२. 'कीर्ति तयांची राहे जोवर शशितरणी' २२, चंद्रसूर्य असेपर्यंत कीर्ती राहते. 'त्रैलोक्यी ते विजयी अद्भुत हे करणी' २२. आणि चौथी 'गोसावीनंदन रत नामस्मरणी' २० वर अडते. 'रत'च्या जागी 'तन्मय' घातलं की बरोबर २२.

म्हणजे वहीतला शब्द मापात चपखल बसतो. संपूर्ण बारा ओळींत 'तुझे ध्यान निरंतर जे कोणी करिती' ही एक ओळ २१ भरते, बाकी सगळ्या २२. इतकं नेटकं लिहिणारा कवी शेवटच्याच ओळीत, तेही स्वतःच्या नावाच्या ओळीत, दोन मात्रा कमी का ठेवेल?

पालघरची_लेक | गुरुवार, सकाळी ८:१५

उलटही असू शकतं ना? मूळ 'रत' असेल, गाताना दोन मात्रा कमी पडल्या म्हणून कुणीतरी सुरात बसणारा शब्द घातला. कानाला खटकतं ते माणसं दुरुस्त करतात. माप बरोबर आहे म्हणून शब्द मूळचा, असं म्हणता येत नाही. आमच्या आईच्या वहीत तिने स्वतः केलेल्या अशा दुरुस्त्या आहेत आणि त्या छापील पुस्तकापेक्षा छान बसतात.

मात्रागणक | गुरुवार, सकाळी ८:४०

मान्य. नुसत्या मापावरून निकाल लागत नाही. मी 'तन्मय'च्या बाजूने कललोय इतकंच. जुनं हस्तलिखित कुणी समोर ठेवलं तर बोलू.

खारघरकर | गुरुवार, सकाळी ९:१२

भावाला गावी फोन करून पुस्तकाचा फोटो मागवला. 'रत' आहे. आणि समोरच्या पानावर 'शेंदूर लाल'च आहे. हे नोंदवून ठेवा.

घणसोलीची_वहिनी | गुरुवार, सकाळी ९:३०

कागद कसा छापणार ते सांगा ना. आमच्याकडेही दर वर्षी ही मारामारी आहे. आम्ही मागच्या वर्षी सगळ्या आरत्या छापल्या, अकरा पानं झाली, कुणी वाचलं नाही, पंख्यासारखी वापरली.

झांजेवाला | गुरुवार, दुपारी १:२०

वहिनी, आमचा नेरूळचा अनुभव सांगतो. पूर्ण शब्द छापून उपयोग होत नाही, कारण आरतीच्या वेळी हात टाळ्यांत असतात आणि दिवे मंद. ज्यांना येते त्यांना कागद नको असतो, ज्यांना येत नाही ते फक्त धृपदात येतात. म्हणून आम्ही एकाच पानावर प्रत्येक आरतीची पहिली ओळ आणि धृपद एवढंच छापतो, ठळक मोठ्या अक्षरात. धृपदाचा जो अर्धा भाग वेगळा आहे त्याखाली रेघ. आणि पुढे उभा असलेला माणूस सुरू करण्याआधी पहिले दोन शब्द नुसते बोलतो, गात नाही. 'नाना परिमळ.' एवढं कानावर पडलं की गर्दी सावध होते. ढोलकीवाला मात्र त्यामुळे नाराज आहे, त्याचं हसू गेलं.

एक धोका आहे. बोलणारा माणूस आणि सुरू करणारा माणूस एकच हवा. एकदा आमच्याकडे सेक्रेटरी 'लवथवती' बोलले आणि मागून बायकांनी 'दुर्गे दुर्घट' उचललं. तेही २२-२२, कुणी थांबेना. शंकराला 'महिषासुरमथिनी' ऐकावं लागलं.

आजोळची_सई | गुरुवार, दुपारी १:३५

अर्धनारीनटेश्वर झाला म्हणायचा.

टेंभीनाका | गुरुवार, दुपारी २:०२

ए विंगच्या काकांचं काय झालं पण? ज्यांनी शब्द बदलले म्हणून भांडण काढलं?

कोलशेतकर | शुक्रवार, रात्री १२:३७

आज विसर्जन झालं, मासुंद्याला जाऊन आत्ता आलो, घसा बसलाय, हातानेच सांगतो.

टेंभीनाका, काकांना काल धाग्यातला झांजेवाल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, 'म्हणजे आरती वेगळी आहे. मग ठीक. पण ती 'सुखकर्ता'च्या चालीत म्हणू नये.' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कागद एका पानाचा केला. 'तुझे गुण वर्णाया'खाली रेघ मारली. निघायच्या आधी उत्तरपूजेला पुन्हा सी विंगनेच आरती घेतली. थोरल्या मुलाने पहिले दोन शब्द बोलून दाखवले आणि यंदा पहिल्यांदा निम्म्या लोकांनी बरोबर म्हटलं. निम्मे 'दर्शनमात्रे'तच गेले, त्यात मीही होतो. तोंडाला सवय आहे, काय करणार.

'रत' की 'तन्मय' हे मी आजींनाच विचारायचं ठरवलं होतं. विचारायची गरज पडली नाही, मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. वही मुलाच्या हातात, तो वहीतलं वाचून 'तन्मय' म्हणाला. आजी डोळे मिटून, वहीकडे न बघता, 'गोसावीनंदन रऽऽऽत नामस्मरणी'.

मात्रागणक | शुक्रवार, सकाळी ७:०२

किती ओढलं? दोन मात्रा?

कोलशेतकर | शुक्रवार, सकाळी ९:४५

टाळी बरोबर पडली, एवढं सांगू शकतो. कागदावर दोन्ही छापलेत, मध्ये तिरकी रेघ.

झांजेवाला | शुक्रवार, सकाळी ९:५८

त्या वहीचे फोटो काढून ठेवा हो. 'गणपती २' आहे म्हणजे 'गणपती ३'ही असेल. ती कुठली, ते विचारा.